उद्या नीट आहे, हे वाच आणि झोप

टिळकवाडी, शनिवार रात्र

अगं ऐक,

पोटात गोळा आलाय ते माहितेय मला. पण आता नवीन काही उघडायचं नाही, एवढं वाच आणि बॅग भरून सोड.

आधी हे, की तुला डॉक्टर का व्हायचंय. पावसाळ्यात रोप लावताना शेजारच्या काकूंना बांधावर साप चावला, जांबोटीकडचा तो पाऊस, गाडी मिळेना, खानापूरपर्यंत त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि पापण्या आपोआप मिटत चालल्या होत्या. लस मिळाली, काकू वाचल्या. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा विषात पापण्या आधी पडतात आणि मग श्वास अडतो, आणि तुला वाटलं हे आपल्याला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. म्हणून बेळगावचं मेडिकल कॉलेज बिम्स, आणि शिकून परत इकडंच. सीटसाठी नातेवाईक काय म्हणतात ते राहू दे बाजूला.

आता पेपर. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बायो आधीच घे, ९० प्रश्न आहेत आणि एनसीईआरटीची पानं तुला तोंडपाठ आहेत, कारण तू नुसती वाचली नाहीस, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढलीस आणि काही दिवसांनी परत लिहिलीस, तेच टिकलंय बघ. बायो पन्नास मिनिटांत संपव, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी म्हणजे त्याला निवांत वेळ उरतो. ओएमआर मात्र शेवटाला ठेवू नकोस, एकेक पान झालं की गोल भरत जा.

फिजिक्समध्ये अडलीस तर आधी युनिट बघ. वेळ विचारलाय आणि ऑप्शनमध्ये √(g/l) दिसलं तर तो लगेच उडतो, वेळ √(l/g) नेच येतो. असे दोन ऑप्शन उडाले की उरलेल्यातला एक बिनधास्त मार, बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ जाणार, म्हणजे सरासरी दीड मार्क तुझ्याच बाजूला. आणि प्रश्नात "चुकीचे विधान कोणते" असलं तर त्या शब्दाला पेनानं गोल कर, मॉकमध्ये सगळ्यात जास्त मार्क ह्यानंच वाचवलेत.

एखादा प्रश्न डोक्यात बसेना तर पुढं जा, दोन मिनिटांच्या वर त्याच्याशी भांडायचं नाही. मॉक तू मुद्दाम दुपारी दोनलाच देत आलीस, त्यामुळं जेवणानंतरची झापड येणार नाही, फक्त आमटीभात थोडाच खा.

ॲडमिट कार्ड, फोटो, आधार एका फाईलीत घाल. पेन तिथंच देतात. हाफ बाह्यांचा कुर्ता, चप्पल, कानात काही नको. गेट दीडला बंद होतं, पप्पा गाडी घेऊन येणारेत, साडेबाराला तिथं असायचं. आईला आत्ताच फोन कर, सकाळी ती रडेल आणि तूही.

तुझीच,
मी