पुरवठा करारातील कलम 17, अपरिहार्य घटना: जुना मजकूर, नवा मजकूर आणि टिपा

दोन्ही पक्षांच्या खरेदी, विक्री, माल-रवानगी आणि हिशेब विभागांसाठी. करार पॉलिप्रॉपिलीन दाण्यांच्या दरमहा 60 टन पुरवठ्याचा आहे. 'टीप' असे लिहिलेला मजकूर कराराचा भाग नाही. अमुक वाक्य असे का लिहिले, एवढेच त्यात सांगितले आहे.

जुने कलम 17

"कोणत्याही पक्षाच्या वाजवी नियंत्रणाबाहेरील दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, संप, टाळेबंदी, शासकीय कृती, साथरोग, कच्च्या मालाची टंचाई इत्यादी, परंतु तेवढ्यापुरतेच मर्यादित न राहता, अशा कोणत्याही कारणामुळे सदर करारान्वये असलेल्या कोणत्याही दायित्वाच्या पालनात विलंब, अडथळा अथवा असमर्थता उद्भवल्यास, सदर पक्षाने अशा घटनेची सूचना दुसऱ्या पक्षास तात्काळ दिलेली असल्यास व तिचे परिणाम कमी करण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न केलेले असल्यास, अशी परिस्थिती अस्तित्वात असेपर्यंत सदर दायित्वे स्थगित राहतील व तो पक्ष कसूरदार समजला जाणार नाही, आणि अशी परिस्थिती दीर्घकाळ चालू राहिल्यास उभय पक्ष परस्पर सामंजस्याने योग्य तो निर्णय घेतील."

टीप: हे एकच वाक्य आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द दोन प्रकारे वाचता येतो. 'तात्काळ' म्हणजे त्याच दिवशी की त्याच आठवड्यात? 'दीर्घकाळ' म्हणजे किती? 'कच्च्या मालाची टंचाई' यादीत असल्याने बाजारात भाव चढले की पुरवठादार तिकडे बोट दाखवणार. 'कोणत्याही दायित्वाच्या' असे म्हटल्यामुळे खरेदीदार आलेल्या मालाचे पैसेही थांबवू शकतो. शेवटची ओळ तर सामंजस्य उरलेले नसते तेव्हाच लागणारी आहे, आणि ती सामंजस्यावरच सोडली आहे.

नवे कलम 17

17.1 अपरिहार्य घटना कोणती. पुढील तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच घटना अपरिहार्य मानली जाईल. एक, ती त्या पक्षाच्या ताब्याबाहेरची आहे. दोन, करारावर सही करताना ती येईल असे धरून चालण्याचे कारण नव्हते आणि नेहमीची काळजी घेऊनही ती टळली नसती. तीन, तिच्यामुळेच काम अडले आहे. काम फक्त महाग किंवा गैरसोयीचे झाले असेल तर ते पुरेसे नाही.

17.2 पूर, भूकंप, वादळ, युद्ध, दंगल, साथरोग, बाहेरून लागलेली आग, बंदर किंवा महामार्ग बंद होणे आणि उत्पादन किंवा वाहतूक थांबवणारा सरकारी आदेश यांपैकी काही घडले, तर 17.1 मधील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत असे धरले जाईल. त्या खऱ्या नाहीत असे म्हणणाऱ्याने ते दाखवावे. तिसरी गोष्ट मात्र सवलत, म्हणजे अडलेल्या दिवसांइतकी वाढीव मुदत, मागणाऱ्यानेच दाखवायची. यादीबाहेरच्या घटनेसाठी तिन्ही गोष्टी सवलत मागणाऱ्याने दाखवायच्या.

टीप: इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या 2020 च्या नमुना कलमाची बांधणी साधारण अशीच आहे. नुसती यादी दिली की यादीत नसलेल्या शब्दावर भांडण होते. नुसती व्याख्या दिली की प्रत्येक पुराच्या वेळी 'हा अपेक्षितच होता' असा वाद निघतो. म्हणून दोन्ही ठेवले, आणि पुरावा कोणी द्यायचा हेही लिहून टाकले.

17.3 यात काय मोडत नाही. कच्च्या मालाची किंवा वाहतुकीची दरवाढ, चलनाच्या दरातील फरक, पैशांची चणचण, स्वतःच्या यंत्रातील बिघाड आणि फक्त स्वतःच्याच कामगारांचा संप या अपरिहार्य घटना नाहीत. सहीच्या दिवशी जी परिस्थिती दोन्ही पक्षांना ठाऊक होती, तीही नाही.

17.4 पुरवठादाराला माल देणाऱ्या कंपनीने माल दिला नाही, तर पुरवठादाराला सवलत दोन अटींवर मिळेल: त्या कंपनीवरही 17.1 मध्ये बसणारी घटना ओढवलेली असावी, आणि त्याच प्रतीचा माल दुसरीकडून वेळेत मिळत नसावा.

टीप: विक्रेते नेमके इथेच अडतात. 1980 च्या आंतरराष्ट्रीय माल-विक्री कराराच्या संयुक्त राष्ट्र संकेताचा 79 वा अनुच्छेदही, काम सोपवलेल्या तिसऱ्या पक्षामुळे अडचण आली तर, अशीच दुहेरी कसोटी लावतो. आपण नेमलेला माणूस चुकला म्हणून आपण सुटत नाही. तोही त्याच संकटात सापडला असेल तरच सुटतो.

17.5 पैसे. पोचलेल्या आणि स्वीकारलेल्या मालाचे पैसे 45 दिवसांत द्यायचेच. अपरिहार्य घटनेमुळे ही मुदत वाढत नाही. अपवाद एकच: बँकांची पैसे पाठवण्याची यंत्रणाच बंद पडली, तर ती जितके दिवस बंद राहील तितके दिवस मुदत वाढेल.

17.6 कळवणे. अडचणीत आलेल्या पक्षाने घटना कळल्यानंतर कामाच्या 3 दिवसांत करारात दिलेल्या ईमेल पत्त्यावर कळवावे. काय घडले, कोणत्या ऑर्डरी अडल्या आणि अंदाजे किती दिवस लागतील, एवढे लिहिले तरी पुरे. अंदाज चुकला म्हणून सवलत जात नाही. कागदपत्रे, म्हणजे सरकारी आदेश, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल, वाहतूकदाराचे पत्र किंवा ठिकाणाचे फोटो, यांपैकी जे असेल ते त्यानंतरच्या 10 दिवसांत पाठवावे. कामाचा दिवस म्हणजे पुरवठादाराच्या ठिकाणी बँका सुरू असलेला दिवस.

17.7 उशिरा कळवले तर सवलत पूर्ण जात नाही. ती कळवल्याच्या दिवसापासून सुरू होते, आणि आधीचे दिवस नेहमीचा उशीर म्हणून मोजले जातात.

टीप: एका बाजूची मागणी होती की नोटीस चुकली की सवलत संपली. ते मला पटले नाही. ज्याच्या गोदामात पाणी शिरले आहे त्याला एका दिवसाच्या चुकीसाठी पूर्ण उघडे पाडले, तर तो दुसऱ्या दिवशीच वकिलाकडे जाईल. इतकी मोठी शिक्षा कोणी मुकाट सोसत नाही.

मोजणी अशी होईल. माल 10 तारखेला पोचायचा आहे. सोमवारी, 6 तारखेला, रस्ता पुराने बंद होतो आणि पुरवठादाराला ते त्याच दिवशी कळते. 20 तारीख संपेपर्यंत रस्ता बंदच राहतो. गुरुवारी, 9 तारखेपर्यंत कळवले, तर 6 ते 20 असे 15 दिवस वाढतील आणि नवी तारीख 25 होईल. पण सोमवारी, 13 तारखेला कळवले, तर 13 ते 20 असे 8 दिवसच मिळतील आणि नवी तारीख 18 होईल. माल 25 तारखेला आला, तर 7 दिवसांची उशीर-आकारणी लागेल.

17.8 मार्ग काढणे. पुरवठादाराने आधी हातातला साठा वापरावा, मग दुसरा मार्ग किंवा दुसरे वाहन पाहावे. खरेदीदाराने लेखी होकार दिला तर जवळच्या ग्रेडचा माल द्यावा. यासाठी लागणारा जादा खर्च त्या ऑर्डरच्या किमतीच्या 8 टक्क्यांपर्यंत पुरवठादाराचा. त्यापुढचा खर्च येणार असेल, तर पुरवठादाराने आकडा कळवावा आणि खरेदीदाराने तो सोसायचा की थांबायचे ते कामाच्या 2 दिवसांत सांगावे. खरेदीदाराने उत्तर दिले नाही, तर थांबायचे ठरले असे समजावे.

टीप: 'वाजवी प्रयत्न' हे शब्द काढले, कारण ते मोजता येत नाहीत. 1956 मध्ये सुएझ कालवा बंद झाल्यावर सुदानहून हॅम्बर्गला जाणाऱ्या भुईमुगाच्या दाण्यांवरून वाद झाला. आफ्रिकेला वळसा घालून जाण्याचा लांब आणि महाग मार्ग खुला होता, म्हणून 1961 मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने विक्रेत्याची सुटका केली नाही. महाग म्हणजे किती महाग, हे करारातच लिहिलेले असले की तेवढ्यासाठी न्यायाधीशाकडे जावे लागत नाही. 8 हा आकडा घासाघीस होऊन ठरला आहे. त्यामागे दुसरे काही शास्त्र नाही.

17.9 माल कमी असेल तर. थोडाच माल देता येत असेल, तर पुरवठादाराने त्या ग्रेडच्या सर्व ग्राहकांना करारातील मासिक परिमाणाच्या प्रमाणात वाटप करावे. समजा, सर्व करार मिळून महिन्याला 240 टन आहेत आणि हातात फक्त 100 टन आहेत. या खरेदीदाराचा हिस्सा 240 पैकी 60, म्हणजे चौथा भाग. त्याला निदान 25 टन मिळायला हवेत. जादा भाव देणाऱ्याला आधी माल देता येणार नाही. इतर ग्राहकांची नावे न सांगता एकूण आकडे दाखवणे पुरवठादारावर बंधनकारक आहे.

टीप: टंचाईच्या काळातल्या खऱ्या कटुतेचे मूळ इथे असते. पूर आला याबद्दल सहसा कोणी भांडत नाही. आपल्याला नाही आणि शेजाऱ्याला माल मिळाला, म्हणून भांडतात.

17.10 घटना चालू असताना खरेदीदार अडलेला माल दुसरीकडून घेऊ शकतो. तेवढे परिमाण त्याच्या किमान खरेदीतून वजा होईल. दुसरीकडे पडलेला जादा भाव पुरवठादाराकडून मागता येणार नाही.

17.11 आधीच उशीर झाला असेल तर. घटनेपूर्वीच मुदत उलटून गेलेल्या ऑर्डरला या कलमाखाली सवलत नाही.

17.12 पुन्हा सुरू करणे. अडथळा संपला की कामाच्या 2 दिवसांत कळवावे आणि 7 दिवसांत पुरवठा सुरू करावा. राहिलेला माल आपोआप पुढच्या महिन्यात ढकलला जाणार नाही. तो हवा की नको, हे खरेदीदाराने कामाच्या 5 दिवसांत सांगावे. हवा असेल तर मूळ भावानेच मिळेल. कराराची एकूण मुदत वाढणार नाही.

17.13 करार संपवणे. पुरवठा सलग 60 दिवस किंवा कोणत्याही 180 दिवसांत मिळून 90 दिवस अडला, तर कोणताही पक्ष 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. त्या 15 दिवसांत ठरलेल्या परिमाणाने पुरवठा सुरू झाला, तर नोटीस रद्द होते. करार संपल्यास पोचलेल्या मालाचे पैसे द्यावेत, न पोचलेल्या मालाची आगाऊ रक्कम 15 दिवसांत परत करावी. या कारणासाठी कोणीही नुकसानभरपाई मागणार नाही.

टीप: वर उल्लेखलेल्या नमुना कलमात, पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर, ही मुदत 120 दिवसांची आहे. दरमहा माल लागणाऱ्या कारखान्याला चार महिने थांबणे परवडत नाही, म्हणून निम्मी ठेवली. 180 दिवसांची मोजणी वेगळी दिली, कारण दर पन्नासाव्या दिवशी दोन ट्रक पाठवून सलग दिवसांचा हिशेब मोडता येतो.

17.14 मतभेद झाला तर. 17.1 मधली एखादी गोष्ट खरी आहे की नाही यावर एकमत नसेल, तर दोन्ही व्यवस्थापकांनी कामाच्या 5 दिवसांत भेटावे. तरीही तिढा सुटला नाही, तर कलम 22 प्रमाणे लवादाकडे जावे. निकाल लागेपर्यंत वादात नसलेल्या ऑर्डरी आणि वादात नसलेली बिले थांबवू नयेत.

17.15 हे कलम पुरवणी करारावर दोन्ही सह्या झाल्याच्या दिवसापासून लागू होईल आणि जुने कलम 17 रद्द होईल. त्या दिवशी एखादी घटना चालू असेल आणि ती जुन्या कलमाखाली कळवलेली असेल, तर पुन्हा कळवण्याची गरज नाही, मात्र 17.13 मधील दिवस नव्या कलमाच्या तारखेपासून मोजले जातील.