ऑर्डर क्र. 4172 : तुमचा मेसेज अर्धवट आला आहे

ताई, नमस्कार.

तुमचा मेसेज "माझी ऑर्डर क्र. 4172" इथंच थांबलाय, पुढचं काही आलं नाही. काय विचारायचं होतं ते परत पाठवाल का? टाइप करायला वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.

तोवर नोंद बघून घेतली: डाळिंबी हिमरू शाल, पत्ता परभणीचा. पार्सल काल संध्याकाळी संभाजीनगरहून निघालंय, उद्या पोचायला हवं. पत्ता बदलायचा असेल तर आज चारच्या आत सांगा, म्हणजे कुरियरवाल्याला कळवता येईल. रंग नको वाटला तर शालीची घडी मोडू नका, बदलून देऊ. सूत-रेशमाचं विणकाम आहे, घरी धुऊ नका.

अंदाजानं ऑर्डरमध्ये काहीच बदललेलं नाही. तुमच्या उत्तराची वाट बघतो.

ग्राहक सेवा, छत्रपती संभाजीनगर