विषय: बदलीमुळे जिमचे सभासदत्व बंद करण्याबाबत

दि. २८ मे

मा. व्यवस्थापक,
स.न.वि.वि.

माझी दुसऱ्या शहरात बदली झाली असून १ जुलैला तिथे रुजू व्हायचे आहे. तरी ३० जूनअखेर माझे सभासदत्व बंद करावे. बारा महिन्यांच्या लॉक-इनचे पाच महिने उरलेत, याची कल्पना आहे. पण करारातच, मागच्या पानावर बारीक अक्षरांत, गाव बदलल्यास महिनाभराच्या सूचनेवर सभासदत्व सोडता येईल असे छापले आहे. तिथे तुमची शाखाही नाही. बदलीचा आदेश सोबत जोडला आहे.

जूनचा हप्ता भरेन. जुलैपासून खात्यातली कपात थांबवावी. लॉकर २३ची किल्ली काउंटरवर देईन, तेव्हा अनामत मिळावी. उत्तर लेखीच द्यावे. मागे दोन आठवड्यांच्या सुट्टीचे तोंडी ठरले होते, तरी पैसे कापले गेलेच.

आपला,
सभासद क्र. ४१७