आवाराच्या झुकलेल्या भिंतीची दुरुस्ती : परांची व टेकूंची सुरक्षा योजना

स्थळ : फोंडा तालुक्यातील जुन्या देवस्थानाचे आवार, पूर्वेकडील जांभ्याची भिंत. कामाचा काळ : १५ ऑक्टोबर ते ३० एप्रिल.

ही भिंत १८ मीटर लांब, ४.२ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड असून तिचा माथा ओळंब्यापासून रस्त्याच्या बाजूस ११ सेंटिमीटर झुकलेला आहे. जाडीच्या मानाने हा कल केवळ आकड्यांवर पाहिला तर सह्य वाटेल. परंतु दोन्ही दर्शनी थरांमधील चुना-मातीचा भराव पावसाच्या पाण्याने वाहून गेला असल्याने ही भिंत एकसंध मानता येणार नाही. जुने गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचे कमानदार छत १८४२ मध्ये कोसळले आणि दर्शनी भागासह अर्धा मनोरा १९३१ मध्ये पडला. जांभ्याचे बांधकाम असे टप्प्याटप्प्याने जाते, म्हणून आजवर उभी राहिली हा भरवसा धरू नये.

प्रथम टेकू, नंतर परांची आणि त्यानंतरच सांधे उघडणे, हा क्रम कोणत्याही कारणास्तव बदलू नये. रस्त्याच्या बाजूस एकमेकांपासून २.४ मीटर अंतरावर आठ तिरके टेकू जमिनीशी सुमारे ६० अंशांत लावावेत. भिंतीलगत उभी फळी व तिच्यामागे गोणपाटाची गादी द्यावी. पायथ्याशी लाकडी स्लीपर ठेवावेत, मात्र त्यासाठी भिंतीच्या पायाजवळ खोदू नये. पाचरी हाताने, फक्त फळी घट्ट बसेपर्यंत ठोकाव्यात. जॅक लावून भिंत सरळ करण्याचा प्रयत्न पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण टेकूचे काम भिंतीला धरून ठेवणे आहे, ढकलणे नव्हे.

परांची आतील बाजूस, भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर, स्वतःच्या पायावर उभी राहील. तिचा एकही पाइप भिंतीत खोवला किंवा टेकूला बांधला जाणार नाही. फळीवर दगडांचा साठा करू नये. कठडा, पायपट्टी, हेल्मेट व सेफ्टी बेल्ट यांवाचून कोणीही वर चढणार नाही.

सर्वाधिक धोका चुन्याचे ग्राउट भरताना आहे. ओले ग्राउट आतून दोन्ही थरांना बाहेर रेटते. म्हणून एका दिवशी ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची भरू नये आणि पुढचा थर आधीचा घट्ट झाल्यावरच द्यावा. वडाची मुळे ओढून काढू नयेत. ती कापून जागीच ठेवावीत.

भेगांवरील काचपट्ट्या व ओळंबे रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी आणि प्रत्येक पावसानंतर तपासावेत. काचपट्टी तडकल्यास किंवा कल २ मिलिमीटरने वाढल्यास शिटी वाजताच सर्वांनी हत्यारे जागीच टाकून उत्तरेच्या दारातून बाहेर पडावे. ही सूचना रोज सकाळी कोंकणी, हिंदी व कन्नडमध्ये तोंडी सांगितली जाईल, कारण फलक सर्वांनाच वाचता येतो असे नाही.

रस्त्याच्या बाजूस ६.५ मीटर पट्टा बंद राहील. जत्रेच्या दिवशी काम थांबेल आणि पालखी पश्चिमेच्या वाटेने जाईल, असे देवस्थान समितीशी ठरले आहे. शेवटच्या ग्राउटनंतर किमान २८ दिवसांनी, दिवसाला एकच, असे टेकू काढावेत आणि प्रत्येक वेळी ओळंबा पाहूनच पुढच्या टेकूला हात लावावा.