कसर
भाग १ : एक टिक जास्तीची
(अ‍ॅनिमेशन मालिका, पहिल्या भागाची संहिता. लांबी ३ मिनिटं)

ध्वनी विभागासाठी: मागांचा आवाज खऱ्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड करायचा. धोटा आपटतो तो 'खट' आणि मागाच्या वर नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या सुया उचलल्या जातात ती बारीक 'टिक', हे दोन वेगळे ट्रॅक हवेत. गोष्ट त्या टिकवर उभी आहे.

दृश्य १. बाह्य. भुईकोट किल्ला, सोलापूर. मे महिन्यातली दुपार. (०:००–०:२५)

आकाशातून खाली: सिद्धेश्वर तलाव, पाण्याच्या मधोमध मंदिर, काठाला किल्ल्याची तटबंदी. ऊन इतकं की रंग फिके पडलेत. एक घार घिरट्या घालत खाली येते आणि कोपऱ्यातल्या बुरुजावर बसते.

बुरुजाच्या सावलीत एक आजोबा भिंतीला पाठ टेकून डुलकी काढतायत. टोपी डोळ्यांवर.

आवाज: टिक.

बुरूज नाही. धूळ नाही, दगड कोसळल्याचा आवाज नाही. तिथं आता नुसतं आकाश आहे. घारीच्या पायाखालचा आधार जातो, ती पंख फडफडवत सावरते. आजोबा मागं कलंडतात, उठून बसतात, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून चार पावलं सरकून झाडाखाली जातात. मागं वळूनही बघत नाहीत. वाटेवरून सायकलवाला जातो, दोन पोरं पळत जातात. कुणीही थांबत नाही.

एकटी घार रिकाम्या जागेभोवती फिरत राहते.

दृश्य २. अंतर्गत. पूर्व भागातला चादरींचा कारखाना. त्याच वेळी. (०:२५–१:०५)

आवाज एकदम आदळतो: खट-खटाक, खट-खटाक. आठ माग. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्यात, त्यांत कापसाची पूस तरंगतेय.

इथं कुणी बोलत नाही. सगळे हातांनी बोलतात. एकजण अंगठा ओठाला लावतो: पाणी. दुसरा दोन बोटं हवेत फिरवतो: कांडी संपली.

यमू (वय ११, केसांत पूस, कपाळावर मोठी लाल टिकली) कांड्यांची टोपली घेऊन मागांमधून धावते. न बघता कांडी बदलते, न बघता तुटलेला धागा चिमटीत धरते. सराईत आहे.

आठव्या मागापाशी ती थबकते. तिथं अव्वा (साठीच्या पुढची, कपाळावर हिरवं गोंदण) उभी आहे. चादरीवर नक्षी उतरतेय: तलाव, मंदिर, तटबंदी, काठाला मोर. वर जॅकार्डच्या डोक्यावर भोकं पाडलेले पुठ्ठे साखळीसारखे ओवलेले, एकामागून एक फिरतायत.

यमू डोळे मिटते. बाकी आवाज विरत जातो. उरते फक्त सुयांची लय.

आवाज: टिक-टिक-टिक-टिक. टिक-टिक-टिक-टिक. टिक-टिक-टिक-टिक-टिक.

ती डोळे उघडते. कानाला बोट लावते, मग तेच बोट वर करते: एक जास्त.

नागेश जॉबर मागावर हात ठेवून बघतो. मान हलवतो: काही नाही. अव्वा यमूकडे बघते. तिचा चेहरा क्षणभर घट्ट होतो. मग ती तोंड फिरवते.

खट-खटाक, खट-खटा...

वीज जाते.

दृश्य ३. अंतर्गत. तिथंच. (१:०५–१:३०)

शांतता. इतकी की पत्रा तडतडताना ऐकू येतो. आत्तापर्यंतचे मुके लोक एकदम बोलू लागतात, आणि सगळे गरजेपेक्षा मोठ्यानं.

नागेश: गेली की लाईट! चला बे, चहा मारून येऊ.

यमू: काका, आठ नंबरला एक टिक जास्तीची यायलीय.

नागेश: तीस वर्षं झाली मला या धंद्यात, पोरी. मला कशी नाही ऐकू आली?

अव्वा: तीस वर्षं मागापाशी उभारल्यावर ऐकू येतंय का कुणाला?

नागेश हसत बाहेर पडतो, मागोमाग बाकीचे. अव्वा दारापर्यंत जाते, थांबते.

अव्वा: यमू. भाकरी खाऊन घे. वर चढू नको.

यमू कडक भाकरीचा तुकडा मोडते, शेंगाचटणीत बुडवते, तोंडाजवळ नेते.

आवाज: टिक.

माग बंद आहेत. तुकडा हातातच राहतो.

दृश्य ४. अंतर्गत. जॅकार्डच्या वर. (१:३०–२:२५)

(इथं घाई नको. कॅमेरा यमूच्या हातांवर ठेवा.)

यमू शिडी चढते. उन्हाची एक तिरीप पुठ्ठ्यांच्या भोकांतून आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर पडलीय. भिंतीवर उजेडाचे ठिपके, आणि ठिपक्यांचं चित्र: तलाव, मंदिर, तटबंदी. कोपऱ्यात बुरूज नाही.

ती पुठ्ठ्यावर बोट फिरवते. गोल, गुळगुळीत भोक. गोल, गुळगुळीत भोक. मग एक भोक कडेला कुरतडलेलं. बोटाला ताजा भुगा लागतो.

भोकातून काहीतरी डोकं काढतं. चांदीच्या रंगाची, बोटाएवढी, माशासारखी वळवळणारी कसर. तिला डोळे नाहीत. ती यमूच्या दिशेनं तोंड वळवते आणि सावकाश चावते.

टिक.

भिंतीवर देवळाच्या कळसाचा एक ठिपका सरकतो.

यमू (पुटपुटते): हे भोक इथलं नाही.

फुंकर मारते. कसर चिकटून राहते. नखानं उडवते, कसर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात शिरते. भोक तसंच. यमू इकडंतिकडं बघते. कागद नाही, खळ नाही. कपाळाला हात जातो.

टिकली काढते. कुरतडलेल्या भोकावर लावते. अंगठ्यानं दाबते.

भिंतीवरचे ठिपके थरथरतात. कोपऱ्यात बुरूज उभा राहतो.

झटकन कट. किल्ला: बुरूज जागेवर. घार अलगद उतरून बसते. झाडाखालचे आजोबा उठतात, सवयीनं बुरुजाकडे चालत जातात, पाठ टेकतात.

परत कारखाना: भिंतीवरचा मोर, इतका वेळ चादरीच्या काठासारखा ताठ, मान वळवतो. त्याच्या डोळ्याच्या जागी अंधार आहे. तिथलं भोक कुणीतरी बुजवलंय.

मोर (धाग्यावर नख ओढल्यासारखा आवाज): नवीन हात आहे.

यमू शिडीवरून घसरते, साखळी पकडून लटकते. पुठ्ठे सरसर उलटतात. त्यांच्या पाठीवर टिकल्या आहेत. फिकट पडलेल्या, जुन्या. कागदाचे तुकडे, त्यांवर कुंकवाचे डाग. एका तुकड्यावर हिरव्या शाईचा ठिपका. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा, डझनांनी.

दृश्य ५. अंतर्गत. खाली. (२:२५–३:००)

शिडीच्या पायथ्याशी अव्वा. कधी आली कळलं नाही.

अव्वा: मोर दिसला?

यमू: अव्वा... तुला माहीत होतं?

अव्वा: मला ऐकू यायचं बंद झालं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून कुणी बुजवलं नाही.

यमू दाराबाहेर बघते. दूरवर, घरांच्या छपरांमागं, मोठ्या रिकाम्या आभाळाचे तुकडे. आजवर तिला ते नुसतं आभाळ वाटत होतं.

यमू: तिथं काय होतं?

अव्वा उत्तर द्यायला तोंड उघडते. आठवत नाही. तिचे डोळे भरतात.

वीज येते. आठही माग एकदम सुरू. खट-खटाक, खट-खटाक. बोलणं संपलं.

यमू कान देते. आठव्या मागातून टिक. तिसऱ्यातून टिक. पाचव्यातून दोन.

ती अव्वाकडे बघते, दोन्ही हातांची बोटं वर करते. दहा कमी पडतात. पुन्हा मूठ मिटून उघडते.

अव्वा कमरेची पिशवी सोडते. आत टिकल्यांची पाकिटं, ठासून भरलेली, न उघडलेली. ती एक पाकीट यमूच्या हातावर ठेवते, आणि एक खूण करते जी या कारखान्यात आजवर कुणी केलेली नाही: एक बोट कपाळाला, तेच बोट वर मागाकडे.

यमू शिडीची पहिली पायरी चढते.

पडदा काळा.

आवाज: टिक.

काळ्या पडद्यावर एक कुरतडलेलं भोक पडतं. त्यातून उजेड. अक्षरं: कसर