शाळा पाहायला आलेल्या पालकांसमोर मुख्याध्यापिकेचं मनोगत

नमस्कार. सुट्टीची सकाळ बाजूला ठेवून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. धाकटी मुलं मागच्या खोलीत रंगवत बसली आहेत, दोन ताई त्यांच्याजवळ आहेत. कुणी रडलंच तर तुम्हाला बोलावतील, तोवर निवांत बसा. तुम्हाला प्रत्यक्ष शिकवणं बघता यावं म्हणून आज पहिली ते चौथीचे वर्ग मुद्दाम भरवले आहेत.

आम्हाला काय चांगलं जमतं, ते आधी सांगते. लहान वर्गांतलं वाचन आणि गणिताचा पाया. पहिली-दुसरीच्या प्रत्येक तुकडीत २८ मुलं आहेत, एक वर्गशिक्षिका आणि पहिल्या तीन तासांना एक सहायक शिक्षिका. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाला शेजारी बसवून न वाचलेला उतारा एक मिनिट मोठ्यानं वाचायला देतो. शिक्षिका नुसते शब्द मोजत नाहीत, मूल कुठे अडलं ते टिपतात. 'कर्म' आणि 'क्रम' यांत र कधी उच्चारायचा इथे एखादं अडतं. दुसरं ऱ्हस्व-दीर्घात अडतं. तिसरं घडाघडा वाचतं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. या तिघांना एकच औषध चालत नाही. जोडाक्षरात अडणाऱ्याला आणखी गोष्टी वाचायला लावल्या, तर ते अंदाजानं वाचायला शिकतं आणि चूक पक्की होते. म्हणून चार-पाच जणांचे गट करून रोज वीस मिनिटं, तीन आठवडे, नेमक्या त्याच अडचणीवर काम होतं.

गणितातलं एक उदाहरण. 'पंचवीस' म्हटलं की बरीच मुलं ५२ लिहितात. ती दुर्लक्ष करत नसतात. कानावर आधी पाच येतो आणि मग वीस, म्हणून हातही आधी पाच लिहितो. खाडाखोड करून दहा वेळा २५ लिहून घेतल्यानं ते सुटत नाही. आमच्याकडे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्ट्या उजवीकडे ठेवायच्या, मगच अंक लिहायचा. दुसरीच्या वर्गात आज हेच चाललंय, नक्की थांबून बघा. तिथल्या कुठल्याही बाकावरची वही उघडा, पुढच्याच बाकावरची बघायला हवी असं नाही.

आता कुठे कमी पडतो ते. मैदान लहान आहे. एका वेळी दोनच वर्ग खेळू शकतात, त्यामुळे प्रत्येक वर्गाला आठवड्याला तीन तास मिळतात, रोज नाही. संगीताचे शिक्षक दोनच दिवस येतात. सातवीपासून पुढे तुकडीत ३८ मुलं असतात आणि लहान वर्गांइतकं बारीक लक्ष तिथे राहत नाही. आठवीच्या गणिताला गेल्या दोन वर्षांत तीन शिक्षक बदलले. पालकांनी तक्रार केली, ती रास्त होती, मुलांचं नुकसान झालं. या सत्रापासून कायम शिक्षिका आल्या आहेत आणि राहिलेल्या भागासाठी आठवड्याला दोन जादा तास सुरू आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी आम्ही करून घेत नाही. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस असतात. वाचन-लेखनाच्या सौम्य अडचणींना तेवढं पुरतं. ज्या मुलाला दिवसभर स्वतंत्र मदत लागते त्याला पुरत नाही. तसं असेल तर प्रवेशाच्या भेटीत मोकळेपणानं सांगा, अहवाल असतील तर आणा. आम्हाला झेपेल की नाही, ते त्याच भेटीत स्पष्ट सांगेन.

आता फी. बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि चारचौघांत विचारायला अवघड वाटतं, म्हणून मीच सविस्तर बोलते.

फीच्या पत्रकावरचा आकडा म्हणजे वर्षाचा पूर्ण खर्च नव्हे. ती फी १०० धरली, तर पुस्तकं, वह्या, गणवेशाचे दोन जोड आणि दोन सहली मिळून आणखी साधारण १२ लागतात. बस घेतलीत तर त्यावर १८. म्हणजे घरचा हिशोब १३० धरून करा. पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क आणि अनामत वेगळी. अनामत शाळा सोडताना परत मिळते, प्रवेश शुल्क मिळत नाही.

फी दर वर्षी वाढते. तिच्यातला बराचसा भाग पगारांसाठीच लागतो आणि पगार रोखून धरले की चांगले शिक्षक निघून जातात. गेली तीन वर्षं वाढ पाच ते सात टक्क्यांच्या आत राहिली. दर वर्षी सहा टक्के धरले, तर पहिलीतले १०० दहावीत सुमारे १६९ होतात. पहिलीचा हप्ता झेपतो का एवढंच पाहू नका, हाही आकडा पाहा. दुसरं मूल मागून येणार असेल तर दोघांचा मिळून पाहा. धाकट्या भावंडाला शिकवणी शुल्कात दहा टक्के सवलत आहे.

भरण्याच्या दोन पद्धती आहेत: तीन हप्ते, ४०, ३० आणि ३०, किंवा दहा समान मासिक हप्ते. मासिक हप्त्यांवर जादा आकार नाही.

सवलतीचा अर्ज दोन पानांचा आहे. सोबत उत्पन्नाचा पुरावा आणि कर्जाचे हप्ते चालू असतील तर त्यांचा तपशील जोडायचा. व्यवसाय असेल तर एकाच महिन्याचे आकडे देऊ नका, बारा महिन्यांचे द्या. अर्ज बहुधा तिथेच अडतात. तीन जणांची समिती पंधरा कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवते. सवलत २५, ५० किंवा ७५ टक्के असते. तिच्यासाठीचा निधी मर्यादित आहे, म्हणून प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता प्रवेशअर्जासोबतच द्या. प्रवेश ठरवणाऱ्यांसमोर हा अर्ज जात नाही. वर्गशिक्षिकेलाही कुणाला सवलत आहे ते माहीत नसतं.

वर्षाच्या मध्येच नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, तर हप्त्याच्या तारखेआधी लेखा विभागात या. तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते आणि त्या काळात विलंब आकार लागत नाही. गाडी अडते ती दुसरीकडेच. पालकांना संकोच वाटतो, ते फोन घेत नाहीत, दोन हप्ते साचतात, तिसरा येतो आणि मग मुलाला काढायचं का, इथवर गोष्ट जाते. पहिल्या हप्त्यालाच सांगितलंत तर मार्ग निघायला जागा असते. शाळेच्या फीसाठी व्याजानं पैसे उचलण्याआधी तर जरूर भेटा. आणि एक निश्चित सांगते: थकलेल्या फीबद्दल मुलाशी कुणीही बोलत नाही. त्याला वर्गाबाहेर उभं केलं जात नाही, प्रगतिपुस्तक अडवलं जात नाही.

एवढं करूनही आकडा बसत नसेल, तर दुसरी शाळा निवडताना मनाला लावून घेऊ नका. दोन शाळांत तुलना करायची असेल तर या सहा-सात मुद्द्यांवरच तिथेही विचारा, उत्तरं लेखी घ्या.

प्रवेशाला परीक्षा नाही. वीस मिनिटांची भेट असते, त्यात मूल आपल्या शिक्षिकेबरोबर खेळतं आणि आपण बोलतो. पाठांतर करून घेऊन येऊ नका. प्रवेश निश्चित होईपर्यंत गणवेश शिवायला टाकू नका.

आता पहिल्या चार रांगा ताईंबरोबर वर्ग बघायला निघतील, बाकीचे प्रयोगशाळेपासून सुरुवात करतील. लेखा विभागाच्या दोघीजणी जिन्याजवळच्या खोलीत दीडपर्यंत बसल्या आहेत. तिथे एका वेळी एकाच कुटुंबाला आत घेतात आणि दार लावून बोलतात. स्वच्छतागृहंही बघून घ्या, कुणाला विचारायची गरज नाही.