मीनलला, हलव्याच्या डब्यासोबत

प्रिय मीनल,

डबा उघडायच्या आधी हे वाच, नाहीतर ओजस हलवा संपवेल आणि चिठ्ठी फ्रिजवर चिकटून राहील. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो गं, बघते" म्हणतेस आणि विषय संपतो. लिहिलेल्याला "बघते" म्हणता येत नाही.

संक्रांतीच्या खूप खूप शुभेच्छा. तुला आणि ओजसला, तुमच्या मनीषनगरच्या घराला, आणि त्या बाल्कनीलाही, जिच्यात तू म्हणे ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन बसतेस आणि कुणी हाक मारत नाही. दिवाळीत तू वर्ध्याला आईकडे होतीस, प्रकरण कोर्टात होतं, तेव्हाच्या शुभेच्छा मी धरत नाही. कागद हातात आल्यानंतरचा हा पहिला सण आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सगळे जण ते न बोलता फिरताना दिसतात. तुझा घटस्फोट झाला आहे आणि संक्रांत आली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींसकट तू आमच्याकडे यायचं आहे.

14 तारखेला संध्याकाळी हळदीकुंकू आहे आणि दुपारी आमच्या चिनूचं बोरन्हाण. त्याला काळा कुर्ता शिवला आहे, आईंनी हलव्याचे दागिने केले आहेत. गेले काही दिवस पहाटे स्वयंपाकघरात त्यांचं तेच चाललेलं असतं. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून चमच्यानं जरासा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, थांबायचं नाही. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की रंग जातो. या वेळी थंडी भल्ली पडली, त्यामुळे काटा सुरेख आला आहे. डब्यातला पांढरा हलवा पहिल्या दिवसाचा आहे, केशरी नंतरचा. पांढऱ्याचा काटा बारीक आहे, तो त्यांना पसंत नव्हता. मला तोच आवडतो.

यादी करायला बसले तेव्हा मी अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं, तर आई परातीवरून म्हणाल्या, "मीनल किती वाजता येऊन राहिली?" येणार आहे का, बोलवायचं का, असं काही नाही. किती वाजता, एवढंच. मी म्हटलं, विचारलं नाही अजून. तर म्हणे, "काहून? तिला वेगळं विचारा लागते का आता?"

तुला आमच्या आई माहीत आहेतच, पण ही गोष्ट तू पाहिलेली नाहीस, तेव्हा तुझी पुण्याला बदली होती. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सगळ्या बायका जमल्या आणि करंडा आईंपाशी आला की जिच्या हातात असेल ती अडखळायची. शेवटी आईंनीच तो हातात घेतला, स्वतःला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हे मला माझ्या आईनं लावलं होतं, लग्नाच्या कितीतरी आधी." मग कुणीतरी सवयीनं नाव घ्यायला सांगितलं आणि लगेच जीभ चावली. आईंनी जराही न थांबता घेतलं:

हलव्याला काटा छान फुलला,
उषा मशीनचं नाव घेते, जिच्यावर संसार चालला.

बायका इतक्या हसल्या की खालच्या भाडेकरूंची पोट्टी बघायला वर आली. त्या वर्षापासून आमच्याकडे जिला ज्याचं नाव घ्यायचं ते ती घेते. सुलूताई त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरचं घेतात. मागच्या खेपेला एकीनं चक्क तर्री पोह्यांचं घेतलं. ज्यांना नवऱ्याचं घ्यायचं त्या नवऱ्याचं घेतात, मीही घेते, सचिन दाराआडून ऐकत असतो. तुला घ्यायचं नसेल तर नको घेऊ. हे काही तुझ्यासाठी केलेलं नाही, आधीपासूनचं आहे.

वाणाचंही तसंच. या वर्षी सगळ्यांना सांडशी आहे. चांगली जाड, पकड घट्ट असलेली, इतवारीतून डझनानं आणली. तू नवं घर लावलंस म्हणून मुद्दाम भांडं दिलं, असं डोक्यात आणू नको. सुलूताईंकडे सांडशा मोजून पुरेशा आहेत, त्यांनाही मिळणार आहे.

आता जे मला आधीच सांगायचं आहे ते. सचिनची आणि निखिलची मैत्री आहे आणि ती राहील. तू ती तोडायला कधी सांगितलंही नाहीस, याबद्दल मला तुझा आदर वाटतो. तो 14 तारखेला येणार नाही. सचिन त्याला करीच्या दिवशी बाहेरच भेटून तिळगुळ देणार आहे. हे तुला माझ्याकडून कळावं, कुणाच्या स्टेटसवरून नको. आमच्या घरात त्याच्याबद्दल वाईट बोललं जात नाही, तसंच तुझ्याबद्दलही कुणाला बोलू देत नाही. कुणी न्यायनिवाडा करायला बसलंच तर आईंची परात धुवायला लावते.

बर्वेकाकू येतील. त्या विचारतीलच, तुला माहीत आहे. "काय गं झालं, एवढं चांगलं घर होतं." त्यांच्यासाठी मी काही योजना आखलेली नाही. तुला उत्तर द्यायचं असेल तर दे, गोड लागलं नाही तरी चालेल. नसेल द्यायचं तर त्यांच्या पुढ्यात सांभारवडी सरकव, तोंड भरलं की त्या बोलत नाहीत. मी मध्ये पडणार नाही. तू बँकेत रोज याहून अवघड माणसं सांभाळतेस. आणि "तिळगुळ घ्या, गोड बोला"मधली दुसरी अर्धी तुला या वर्षी माफ आहे.

काम मात्र माफ नाही. गुळाच्या पोळ्या तुझ्याकडे. माझी पोळी दरवर्षी फुटते, तव्यावर गूळ वाहतो आणि घरभर जळका वास. तुझी कडेपर्यंत सारखी भरलेली असते. गूळ मी किसून ठेवते, तीळ आणि खसखस भाजून कुटते, बेसनही तेलावर खमंग भाजते. लाटायला तू बसायचं. त्यासाठी दुपारी लवकर ये, अर्धी सुटी टाक. एकीकडे चिनूच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे आणि गोळ्या ओतायच्या आहेत, आणि पहिलं माप तुझं. तो तुझ्याच मांडीवर गप बसतो, माझ्या मांडीवरून पळतो.

ओजस सकाळी त्याच्या बाबाकडे आहे ना? तो तीनपर्यंत येईल असं तू म्हणाली होतीस. मग तो थेट गच्चीवरच येऊ दे. सचिननं जुन्या शुक्रवारीतून पतंग आणून ठेवले आहेत आणि साधा सुती मांजा. नायलॉनचा एक तुकडाही घरात येऊ दिला नाही. शेजारच्या गच्चीवरचे पोट्टे मागच्या वर्षीचा वचपा काढायच्या तयारीत आहेत. तू चक्री सोडून पतंग हातात घेतलास आणि त्यांचे पतंग एकामागून एक उतरवलेस, हे ते विसरले नाहीत. "ती काकू येणार का?" असं त्यातला मोठा मला चार दिवसांपासून विचारून राहिला आहे. तुला ढील कधी द्यायची ते कळतं, सचिनला फक्त खेचणं माहीत. मला या गल्लीत "ओ काट" तुझ्या आवाजात ऐकायचं आहे, बाकी कुणाच्या नाही.

येताना स्कूटी आणू नको. संक्रांतीला पोलीस उड्डाणपूल दुचाकींना बंद ठेवतात, आणि खालच्या रस्त्यावर कुणाचा मांजा कुठून गळ्याशी येईल सांगता येत नाही. उज्ज्वलनगरहून मेट्रो पकड, बर्डीला बदल, सुभाषनगरला उतर. तिथून सचिन कार घेऊन येईल. रात्रीही तोच सोडेल. राहायचं असेल तर वरची खोली आहे, गाद्या उन्हात घालून ठेवल्या आहेत. पाहुणे येणार म्हणून नाही, जानेवारीत आई सगळ्याच गाद्या उन्हात घालतात.

आणि हेही खरं आहे की त्या दिवशी सकाळी उठून तुला कुठेच जावंसं वाटणार नाही, असं होऊ शकतं. दार लावून, खिडकीत उभं राहून दुसऱ्यांचे पतंग बघत चहा प्यावासा वाटेल. तसं झालं तर "नाही येत" एवढं दोन शब्दांत कळव, कारण लिहू नको. पोळ्या फुटतील, फुटू देत. तुझा वाटा सचिन रात्री दारात ठेवून जाईल, बेलही वाजवणार नाही. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच, मधल्या कुठल्याही दिवशी आलीस तरी करंडा आणि सांडशी जागेवर आहेत.

"कशी आहेस" हे मी विचारत नाही, ते तू सांगशील तेव्हा ऐकेन, रात्री अकराला सांगितलंस तरी. विचारते ते हे: गॅसचं कार्ड नव्या पत्त्यावर झालं का? रेशन कार्डातून नाव वेगळं करायचं राहिलं असेल तर कागदांची एक झेरॉक्स प्रत पाठव. सचिन सोमवारी त्याच्या आत्याच्या कामासाठी त्याच कार्यालयात जाऊन राहिला आहे, रांगेत उभा राहीलच. आणि बँकेतली ती प्रमोशनची परीक्षा, तिचा फॉर्म भरलास की नाही? एलएडीत असताना तू माझे नोट्स वाचून माझ्यापेक्षा जास्त मार्क आणायचीस, तेव्हा कारणं ऐकणार नाही.

ओजसला पापा. बाकी भेटल्यावर.

तुझी,
शिल्पा

ता. क. आई म्हणताहेत काळी साडी नेस, ती चंद्रकळा जिच्यावर बारीक टिकल्या आहेत. मी म्हटलं जीन्स घालून आली तरी चालेल, पतंग उडवायचा आहे. आता त्यांचं म्हणणं, साडी पिशवीत आणावी आणि संध्याकाळी इथेच नेसावी. आणि गोकुळपेठेच्या बाजारातून येताना तुरीच्या शेंगा दिसल्या तर घे, दुसऱ्या दिवशी सोलेभाजी करू. सोलायला चार माणसं लागतील, तेव्हा राहायचंच बघ.